पोत्यांच्या हिशेबात एक बायोडाटा

कुडाळ तालुक्यातल्या ज्या काजू कारखान्यात मी कार्यालयाचे काम पाहते, तेथे भरतीसाठी आलेले अर्जही माझ्याच टेबलावर येतात. आमच्याकडे सध्या दिवसाला बारा पोती काजू बी फोडली जाते आणि ती तीस पोत्यांपर्यंत नेण्याचे मालकांनी ठरवले आहे. त्यासाठी उत्पादन व्यवस्थापक हवा, अशी जाहिरात आम्ही दिली होती. आलेल्या अर्जांपैकी बहुतेक अर्ज साधे होते आणि त्यांचा निकाल लवकर लागला. एका अर्जाने मात्र मला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. त्यातले दावे इतके मोठे होते की ते खरे असतील तर हा माणूस आम्हाला परवडणार नाही आणि खोटे असतील तर त्याला मुलाखतीला बोलावण्यात अर्थ नाही, असा पेच पडला. प्रत्यक्षात या दोन्हींपेक्षा निराळेच काही निघाले.

अर्जदार दापोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात एप्रिल २०१८ ते मार्च २०२१ अशी तीन वर्षे ‘उत्पादन प्रमुख’ म्हणून होते. कारखान्याचा आकार त्यांनी स्वतःच ‘२५ कामगार’ असा लिहिला होता. कामगिरीच्या रकान्यात ठळक अक्षरांत तीन ओळी होत्या. वार्षिक उलाढाल तीन कोटींवरून अठरा कोटींवर नेली. बीपासून गराचा उतारा २४ टक्क्यांवरून ३६ टक्के केला. टाळेबंदी आणि चक्रीवादळाच्या वर्षात एकही दिवस उत्पादन बंद पडू दिले नाही. याखाली बारीक अक्षरांत चौथी ओळ होती, ती अशी: वाफवलेली बी थंड होण्याचा वेळ वाढवून अख्ख्या गराचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर आणले.

असा मोठा आकडा समोर आला की मी आधी माणसाच्या खरेखोटेपणाचा विचार बाजूला ठेवते आणि तो आकडा घडण्यासाठी कारखान्याच्या दारातून किती माल आत यावा लागला असता, एवढेच काढते. रुपये फसवे असतात, पण काजूच्या धंद्यात बीचे पोते ८० किलोचे असते आणि त्यात फारशी सवलत घेता येत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा असा सगळा माल मिळून किलोला सरासरी ६०० रुपये मिळाले असे मी धरले. त्या वर्षांतल्या आमच्या स्वतःच्या बिलांशी हा दर जुळत होता. अठरा कोटी रुपयांना या दराने तीन लाख किलो, म्हणजे ३०० टन गर विकावा लागतो. शंभर किलो बीमागे सोलून, साल काढून साधारण पंचवीस किलो गर हाती येतो असे धरले, तर त्यासाठी १,२०० टन बी, म्हणजे १५,००० पोती लागतात. कोकणातल्या काजू कारखान्यात वर्षाचे कामाचे दिवस मी अडीचशेच्या वर धरत नाही, कारण लावणीच्या दिवसांत सोलाईच्या निम्म्या बायका शेतावर असतात आणि चतुर्थीच्या आठवड्यात तर मालक स्वतः आला तरी त्याला एकट्यानेच बॉयलर पेटवावा लागेल. अडीचशे दिवसांत १५,००० पोती म्हणजे रोज साठ पोती झाली.

आता हाच हिशेब सुरुवातीच्या तीन कोटींना लावला, तर रोजची दहा पोती येतात. आमच्याकडे हाताने-पायाने चालणारे कटर आहेत, साल काढण्याचे बरेचसे काम हातानेच होते आणि बारा पोत्यांना साधारण बत्तीस माणसे लागतात. त्या प्रमाणात दहा पोत्यांना सव्वीस-सत्तावीस माणसे होतात. म्हणजे पंचवीस कामगार आणि तीन कोटी हे दोन आकडे एकमेकांशी नीट बसत होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली, कारण ज्याला सगळेच रचून लिहायचे असते त्याचा सुरुवातीचा आकडाही सहसा जुळत नाही. येथे सुरुवात खरी दिसत होती आणि शेवट मात्र त्याच पद्धतीच्या कामाला दीडशेहून अधिक माणसे मागत होता.

अर्थात दीडशे माणसांऐवजी यंत्रे आली असतील, असे कोणी म्हणू शकेल. बी फोडण्याची आणि साल काढण्याची स्वयंचलित यंत्रे घेतली तर माणसे निश्चितच कमी लागतात. पण मग आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडची बी मुख्यतः मार्च ते मे या काळात येते आणि वर्षभराचे काम चालवायचे तर त्याच दिवसांत पैसे मोजून ती गोदामात भरावी लागते. किलोला १२० रुपये धरले तर १,२०० टनांचे चौदा कोटी चाळीस लाख होतात. यातली अर्धी बी परदेशातून टप्प्याटप्प्याने आली असे मानले, तरी हंगामात सात कोटींहून अधिक रुपये उभे करणे, तेवढे गोदाम बांधणे किंवा भाड्याने घेणे, नवा बॉयलर, नवे ड्रायर, नवी यंत्रे या सगळ्या गोष्टी तीन वर्षांच्या आत व्हायला हव्या होत्या. ज्याने हे केले असेल त्याच्या बायोडाटात पहिली ओळ त्या यंत्रांची असते. या अर्जात त्यांचा साधा उल्लेखही नव्हता. कामगारांची संख्याही तीन वर्षांनंतर पंचवीसच लिहिली होती. एखादा निकाल सांगितलेला असतो, पण ज्याच्यावाचून तो निकाल लागूच शकत नाही त्याचा कोठेच पत्ता नसतो, तेव्हा मी तो आकडा दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे धरून पुढे जाते.

उताऱ्याच्या दाव्याला इतका वेळ लागला नाही. बीच्या वजनात गराचा वाटा किती असावा, हे झाड ठरवते. व्यवस्थापकाच्या हातात फक्त तो वाया जाऊ न देणे एवढेच असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या चांगल्या जातींतही गराचे प्रमाण तीस-एकतीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यातून साल, ओलावा व फुटीचा चुरा वजा जातो. कारखान्यात चोवीसचे सव्वीस करणे हे चांगले काम आहे. छत्तीस टक्के गर देणारी बी मी कधी पाहिलेली नाही. मोजण्याचा पाया बदलला असेल का, हेही मी तपासले, कारण बरेच अशक्य आकडे अशाच बदलातून जन्मतात: बी ओली असताना न तोलता वाळवून तोलली तर उतारा आपोआप वाढलेला दिसतो. पण बीतला ओलावा बारा टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आणला, तर शंभर किलोचे साधारण साडेपंच्याण्णव किलो उरतात आणि चोवीसचा उतारा पंचवीसच्या थोडा वर जातो, इतकेच. छत्तीसपर्यंत पोहोचण्याचा कोणताही मार्ग मला सापडला नाही.

तिसऱ्या दाव्यासाठी आकडेमोड करायची गरज नव्हती, दिनदर्शिका पुरेशी होती. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली; तरी अन्नप्रक्रिया उद्योगांना सवलत होती, त्यामुळे केवळ टाळेबंदीच्या आधारावर मी तो दावा फेटाळला नसता. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याच्या तडाख्यात दापोली आणि मंडणगड हे तालुकेही सापडले. घरांची छपरे गेली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. आम्ही तेव्हा दक्षिणेला असल्यामुळे वाचलो होतो, पण आमच्या ओळखीच्या तिकडच्या बागायतदारांचे फोन आठवतात. अशा तालुक्यात, अशा जूनमध्ये, बॉयलर आणि ड्रायर एकही दिवस थांबले नाहीत हे मान्य करायला मोठा जनरेटर आणि भरपूर डिझेल गृहीत धरावे लागते, शिवाय रस्त्यावर पडलेली झाडे ओलांडून कामावर येणारी माणसेही.

एवढे झाल्यावर मी बाहेरून मिळणारे पुरावे पाहिले. अर्जासोबत जोडलेला अनुभवाचा दाखला २०२१ सालचा होता आणि त्याच्या लेटरहेडवर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की उद्योगाचा वर्ग दिसतो आणि येथे तो ‘सूक्ष्म’ असा दिसला. १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे सूक्ष्म उद्योगाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असायची (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी झाली आहे, त्यामुळे जुना दाखला तपासताना जुनीच मर्यादा लावावी लागते). या पुराव्याला एक पळवाट आहे, ती अशी की या मोजणीत निर्यात धरली जात नाही. पण अर्जात निर्यातीचे नावही नव्हते. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधले, तर दर महिन्याला किती कामगारांचा भरणा झाला ते दिसते, आणि तेथील आकडा तिन्ही वर्षे वीस-पंचवीसच्या मध्येच होता. येथेही सावध राहावे लागते, कारण नगावर काम करणाऱ्या बायकांची नोंद सगळीकडे होतेच असे नाही. तरीही पंचवीसांचे दीडशे झाले असते, तर त्या आकड्यात काही तरी हालचाल दिसायला हवी होती.

आमचे तात्या, म्हणजे आमच्या कारखान्यात बी वाफवण्यापासून ड्रायरपर्यंतचे काम तीस वर्षे पाहणारे गृहस्थ, हे सगळे ऐकून म्हणाले, “मग कशाला बोलावताय त्याला?” मी त्यांना चौथी ओळ वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “हे मात्र ज्याने केलंय तोच लिहील.”

त्या ओळीत मलाही तेच जाणवले होते. वाफवलेली बी गरम असतानाच कटरवर घेतली तर गर फुटतो. ती रात्रभर, शक्य असेल तर पूर्ण दिवस पसरून थंड होऊ दिली की टरफल ठिसूळ राहते आणि गर आतून सुटा होतो. ज्या कारखान्यात जागा कमी असते तेथे ही बी घाईने उचलली जाते आणि तुकडा वाढतो. अख्ख्या गराचे प्रमाण नऊ टक्क्यांनी वाढणे हे पंचवीस माणसांच्या कारखान्यात एका उत्पादन प्रमुखाच्या अधिकारात बसणारे काम आहे. त्याला मालकाच्या भांडवलाची गरज नाही. लागतो तो पसरण्यासाठी शेड, एक दिवस पुढचे नियोजन आणि कामगारांशी थोडी वादावादी. पगार, पद आणि कारखान्याचा आकार या तिन्हींना शोभेल असा तो एकच दावा होता, आणि तोच सर्वांत बारीक अक्षरांत छापला होता.

म्हणून मी त्यांना फोन केला. अशा फोनमध्ये मी दाव्याचा उल्लेख आधी करत नाही. “तुमचे अठरा कोटी खरे का?” असे विचारले तर माणूस बचाव करू लागतो आणि मग कामाचे काहीच कळत नाही. मी विचारले, “तुमच्याकडे रोज किती पोती शिजायची?”

“दहा, मॅडम. हंगामात कधी अकरा-बारा,” ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

“आणि शेवटच्या वर्षी?”

“तेवढीच. वादळाच्या वर्षी तर कमीच झाली.”

अठरा कोटींचा विषय मग त्यांनीच काढला, कारण माझ्या प्रश्नांचा रोख त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांच्या मालकांची दुसरी एक पेढी होती, ती हंगामात गावोगावची बी खरेदी करून बाहेरच्या कारखान्यांना ट्रकने पाठवत असे. बी आली तशीच गेली, न फोडता, पण उलाढालीत मात्र तिचा पूर्ण भाव धरला गेला. दोन्ही पेढ्यांची बेरीज एका वर्षी अठरा कोटींवर गेली होती. बीची उतराई आणि वजन यांवर अर्जदारांची देखरेख असायची, एवढाच त्यांचा त्या आकड्याशी संबंध. बायोडाटा बाजारपेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात करून घेतला होता आणि दुकानदाराने ‘मोठा आकडा वर घेऊ’ असे सुचवले होते. उद्यम नोंदणीत ‘सूक्ष्म’ का दिसले, याचाही उलगडा त्यातून झाला, कारण दोन पेढ्यांच्या नोंदी वेगळ्या होत्या.

वादळाचेही असेच झाले होते. छपराचे पत्रे उडाले, महिनाभर वीज नव्हती, उत्पादन अर्थातच बंद होते. पण गोदामात हंगामाची बी भरलेली होती आणि ताडपत्र्या बांधून, पोती दोन वेळा हलवून ती भिजण्यापासून वाचवली होती. “एक पण पोतं वाया जाऊ दिलं नाही,” हे त्यांचे वाक्य टंकताना ‘एकही दिवस उत्पादन बंद पडू दिले नाही’ असे झाले असावे, असे मला वाटते. छत्तीस टक्क्यांचा आकडा कोठून आला, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. ते म्हणाले की उतारा चोवीसचा पंचवीस-साडेपंचवीस झाला होता आणि त्यांनी तेवढेच सांगितले होते. मी तो मुद्दा तेथेच सोडला.

चौथ्या ओळीबद्दल मात्र मी बराच वेळ विचारले, कारण हिशेबाच्या या पद्धतीची एक मोठी उणीव तेथेच दिसते. अशक्य दावा ती पकडते, पण शक्य वाटणारा खोटा दावा तिच्या जाळीतून सहज निसटतो. बासष्टचे एकाहत्तर कोणीही लिहू शकतो. त्यामुळे तेथे मोजणी कशी केली हे विचारावे लागते. त्यांनी सांगितले की ग्रेडिंगच्या टेबलावर रोज वही ठेवली जायची, त्यात अख्खा, पाकळी आणि तुकडा यांची वजने वेगवेगळी लिहिली जायची आणि महिन्याची सरासरी काढली जायची. मी विचारले की बी तीच होती का, कारण मोठ्या दाण्याची चांगली बी आली की कोणी काही न करताही अख्खा गर वाढतो आणि श्रेय व्यवस्थापक घेऊन जातो. यावर त्यांनी दिलेले उत्तर मला आवडले: पहिल्या दोन हंगामांची बी त्याच तीन गावांतून आली होती, म्हणून तुलना त्या दोन हंगामांचीच धरावी, आणि तिसऱ्या वर्षीची बी पावसात सापडल्यामुळे ती मोजणीत घेऊ नये. स्वतःच्या आकड्याची मर्यादा आपणहून सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो.

त्यांच्या परवानगीने मी जुन्या मालकांशीही बोलले. त्यांनी पोत्यांचा आकडा आणि वादळातली धावपळ दोन्ही मान्य केले, फक्त “थोडी बी भिजलीच हो, पण पुष्कळ वाचली” अशी दुरुस्ती केली. अख्ख्या गराची टक्केवारी त्यांना आठवत नव्हती, पण तुकडा कमी झाल्याचे आणि थंड करायला नवी शेड घातल्याचे त्यांनी आपणहून सांगितले. शेड घालण्याचा निर्णय कोणाचा, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, “पैसे माझे, कटकट त्याची.”

आमच्या मालकांसमोर मी जो कागद ठेवला त्यात अर्जातले तीन ठळक दावे खोडून त्यांच्या जागी मला पटलेल्या गोष्टी लिहिल्या: रोज दहा ते बारा पोत्यांचा कारखाना तीन वर्षे सांभाळला, उतारा एक ते दीड टक्क्याने वाढला, अख्खा गर दोन हंगामांच्या तुलनेत नऊ टक्क्यांपर्यंत वाढला, पैकी काही वाटा नव्या शेडचा, वादळात हंगामाचा बहुतेक साठा वाचवला. या माणसाने दहाची साठ पोती कधीच केलेली नव्हती, आणि आम्हाला तर बाराची तीस करायची होती, म्हणून व्यवस्थापकाच्या पदासाठी माझी शिफारस नव्हती. उत्पादन पर्यवेक्षक म्हणून घ्यावे आणि यंत्रखरेदी व विस्तार यांसाठी दुसरा अनुभवी माणूस शोधावा, असे मी लिहिले. मालकांनी ते मान्य केले, पगारावर थोडी घासाघीस झाली आणि जूनमध्ये ते रुजू झाले. तात्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना आमची बी थंड करायची जागा दाखवली. त्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, “इथे जागा कमी पडते.” सध्या त्या शेडच्या खर्चाचे अंदाजपत्रक माझ्या टेबलावर आहे.